शब्दचर्चा : ‘प्लॉट आर्मर’ला मराठीत काय म्हणायचं?

शाहूपुरीकर : मालिका बघताना भाचा सारखा म्हणतो, “याला प्लॉट आर्मर आहे, हा मरत नाही.” अर्थ अंदाजानं कळतो. पण नायक शेवटपर्यंत जगतो हे आपण लहानपणापासून बघत आलोय, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. मग आता तक्रार नेमकी कशाची? आणि याला मराठी शब्द कुठला वापराल?

पेठेतला पैलवान : सोपं आहे की. हिरो मरत नाही म्हणजे प्लॉट आर्मर. शंभर गोळ्या सुटत्यात, एकबी लागत नाही. तसं बघितलं तर पन्हाळ्याच्या वेढ्यावरच्या सगळ्या सिनेमांना ते लागू हुतंय. महाराज सुटणार हे तिकीट काढायच्या आधीच ठाऊक असतंय.

मंजिरी, राजारामपुरी : पैलवानदादा, गोळ्यांचं बरोबर, पन्हाळ्याचं नाही. शेवट आधीच माहीत असणं हा दोष नव्हे. १६६० च्या त्या वेढ्यातून महाराज कसे सुटले ते बघा. पालखीत बसून शिवा काशीद शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. घोडखिंड बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी अडवून धरली, तेव्हा महाराज विशाळगडावर पोचले. सुटकेचं प्रत्येक कारण गोष्टीच्या आत आहे आणि त्याची किंमत कुणीतरी आपल्या डोळ्यांदेखत मोजली आहे. प्रेक्षक चिडतो तो अशी कारणं संपल्यावरही पात्र जगतं तेव्हा. मग एकच कारण उरतं, पुढच्या भागात ते हवंय.

चालत्याफिरत्या मुडद्यांच्या ‘द वॉकिंग डेड’ या इंग्रजी मालिकेतला ग्लेन घ्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये दाखवलेल्या भागात तो आणि निकोलस कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीवर अडकतात, चहूबाजूंनी मुडद्यांची गर्दी. निकोलस स्वतःला गोळी घालतो आणि ग्लेनसकट खाली पडतो. कॅमेरा ग्लेनच्या चेहऱ्यावर असतो आणि खाली आतडी ओरबाडली जाताना दिसतात. पुढे श्रेयनामावलीतून त्या नटाचं नावही काढलं होतं. मग चार आठवड्यांनी कळतं की आतडी निकोलसची होती. तो अंगावर पडला होता आणि ग्लेन सरपटत पेटीखाली शिरला. एवढ्या गर्दीतून कुणाचाच हात त्याच्यापर्यंत कसा पोचला नाही, हे पटत नाही. त्याहून राग आला तो कॅमेऱ्यानं मुद्दाम चकवल्याचा. त्या मालिकेनं आधी कितीतरी आवडती माणसं मारून दाखवली होती, “इथं कुणीही मरू शकतं” हा तिचाच नियम होता. ज्या मालिकेत पहिल्यापासून कुणी मरतच नाही, तिथं लोक इतके चिडत नाहीत.

पैलवान : पण पुढच्या हंगामात मेला की त्यो!

मंजिरी : हो, २०१६ मध्ये. म्हणून तर कित्येकांना पहिली सुटका आणखीच पोकळ वाटली.

निवृत्त मास्तर, कागल : मराठीत ‘कवचकुंडलं’ आहेच की. पुढाऱ्याला कुणी हात लावत नसेल तर आपण म्हणतोच, त्याला कवचकुंडलं आहेत.

मंजिरी : सर, मला तिथंच अडतं. कर्णाची कवचकुंडलं जन्मापासूनची, सगळ्यांना ठाऊक असलेली. आणि इंद्र ती मागून नेतो, मग कर्ण मरू शकतो. म्हणजे ती गोष्टीच्या नियमातली झाली. प्लॉट आर्मर पात्राच्या अंगावर दिसत नाही, ते लेखकाच्या हातात असतं. मी ‘कथाकवच’ म्हणेन.

मास्तर : ‘कथाकवच’ कागदावर ठीक. पण बोलताना कुणाच्या तोंडी येईल? रूढ शब्दाचा अर्थ वापरानं थोडा सरकला तर बिघडत नाही, पुढाऱ्यापर्यंत तो सरकलाच आहे. माझं मत कायम.

गंगावेशीतला संदीप : जरा वेगळं विचारतो. आमच्या एकांकिकेत नायक २०१९ च्या महापुरात वाहून जातो आणि शेवटच्या प्रवेशात धडधाकट परत येतो. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, “पटत नाही.” आम्हाला वाटलं, त्यांना सुखान्तच नको आहे. हे प्लॉट आर्मर झालं का?

मंजिरी : झालं, संदीप. आणि कोल्हापुरात तर जास्तच खटकणार. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. समोरच्या माणसानं तो लोंढा स्वतः बघितलाय. सुखान्त ठेवा, पण वाचण्याचं कारण पहिल्या प्रवेशातच ठेवा. म्हैस हाकत नदी ओलांडणारा, धार कुठं कापायची हे जाणणारा माणूस म्हणून तो आधी दिसू दे. आणि धडधाकट आणू नका. पुरानं त्याचं काहीतरी नेलेलं असू दे.

पैलवान : असल्या पाण्यात पोहणाराबी टिकत नाही, ताई. झाडाला धरून ऱ्हायला, मग बोट आली, असं करा. तशी माणसं खरंच वाचल्यात.

संदीप : झाडाचं चालेल. पण बोट नेमकी त्याच्याच झाडापाशी आली, तर परीक्षक पुन्हा तेच म्हणणार नाहीत का?

मंजिरी : बोट दुसऱ्याच कुणाला शोधत निघालेली असेल, आणि तो दुसरा सापडला नाही, तर नाही म्हणणार.