रिट्रायला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ पुरतो, की वर वेगळी मर्यादाही हवी?

धागाकर्ता: अर्धवर्तुळ

पार्टनरचा एपीआय अधूनमधून `503` देतो, कधी टाइमआउट होतो. आम्ही १, २ आणि ४ सेकंद थांबून तीनदा रिट्राय करतो, थांब्यात जिटरही आहे. तरी पार्टनरची तक्रार आहे की त्यांची यंत्रणा अडखळली की आमच्याकडून चौपट विनंत्या येतात. वापरकर्त्यांकडून आमच्याकडे सेकंदाला साधारण ५० विनंत्या येतात, टाइमआउट २ सेकंदांचा आहे. बॅकऑफ आणखी लांबवावा की दुसरं काही?

---

कातळकडा

लांबवून काही होणार नाही. पार्टनरचा चौपटीचा आकडा अगदी बरोबर आहे आणि तो तुमच्या थांब्यांच्या लांबीवर अवलंबूनच नाही.

समजा पार्टनर पूर्ण बंद पडला. पहिल्या सेकंदाला ५० विनंत्या जातात आणि फसतात. पण पुढच्या सेकंदाला तुमचे वापरकर्ते थांबत नाहीत, नव्या ५० येतात. त्यांच्यासोबत आधीच्यांचा पहिला रिट्राय निघतो, मागाहून दुसरा, तिसरा. दहा-पंधरा सेकंदांत चित्र स्थिरावतं: दर सेकंदाला ५० ताज्या विनंत्या, ५० पहिले रिट्राय, ५० दुसरे, ५० तिसरे. एकूण २००. थांबे १-२-४ ऐवजी १०-२०-४० केले तर हा २०० चा आकडा गाठायला एक-दीड मिनिट लागेल, एवढाच फरक. जिटरने हे २०० सेकंदभरात नीट पसरतात, कमी होत नाहीत.

बॅकऑफ एका विनंतीचा वेग कमी करतो. तुमच्याकडच्या विनंत्यांचा ओघ वापरकर्ते ठरवतात, म्हणून एकूण भारावर वेगळी मर्यादा लागते. रिट्रायचं बजेट ठेवा: प्रत्येक यशस्वी उत्तरामागे ०.१ टोकन जमा, प्रत्येक रिट्रायला १ टोकन खर्च, शिल्लक जास्तीत जास्त १०. टोकन नसेल तर रिट्राय नाही, चूक तिथेच वर कळवायची.

```python
import random

def wait(attempt, base=0.5, cap=20):
    return random.uniform(0, min(cap, base * 2 ** attempt))

class RetryBudget:
    def __init__(self):
        self.tokens = 10.0
    def success(self):
        self.tokens = min(10.0, self.tokens + 0.1)
    def allow(self):
        if self.tokens < 1:
            return False
        self.tokens -= 1
        return True
```

पार्टनर पूर्ण पडला की पहिले १० रिट्राय जातात, मग यश नाही म्हणून टोकन नाही, आणि भार पुन्हा ५० वर येतो.

---

निळी शाई

टाइमआउट २ सेकंदच का ठेवलाय? १० करा. निम्म्या चुका तर आपणच फोन लवकर ठेवल्यामुळे होतात. रिट्रायची वेळच येणार नाही.

---

कातळकडा

@निळी शाई, पार्टनर एरवीही २ सेकंदांच्या आसपास उत्तर देत असेल तर तुमचं म्हणणं रास्त. त्यासाठी यशस्वी उत्तरांपैकी सर्वांत सावकाश एक टक्का किती वेळ घेतात ते बघावं. ते ३०० मिलिसेकंदांत येत असतील तर १० सेकंदांनी फक्त आपल्याकडची कनेक्शनं अडकून पडतील: सेकंदाला ५० गुणिले १० सेकंद, म्हणजे ५०० एकाच वेळी उघडी. पण धाग्याचा प्रश्न पार्टनरवरच्या भाराचा आहे, आणि `503` टाइमआउट वाढवून जात नाही.

---

सरळसोट

हे बजेट प्रकरण मला गरजेपेक्षा जड वाटतं. पूर्ण बंद पडणं क्वचित होतं, रोजचा त्रास वेगळा असतो: चारातली एक विनंती फसते. त्याचा हिशोब करा. २५ टक्के चुका, तीन रिट्राय. सरासरी प्रयत्न १ + ०.२५ + ०.०६ + ०.०२, म्हणजे सुमारे १.३३. भार ५० चा ६६ होतो, आणि शेवटी फसणाऱ्या विनंत्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतात. एक तृतीयांश जादा भारात वापरकर्त्याला काही जाणवतही नाही.

आता तुमचं बजेट लावा. पहिल्याच प्रयत्नात ३७-३८ यशस्वी, त्यातून सेकंदाला जेमतेम पावणेचार टोकनं. फसलेल्या मात्र साडेबारा. म्हणजे दर सेकंदाला आठ-नऊ वापरकर्त्यांना विनाकारण चूक दाखवायची. रिट्राय याचसाठी तर लिहिले होते ना?

---

कातळकडा

गणित बरोबर आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: चुका भाराशी संबंधित नाहीत. त्यांच्या दहातला एखादा सर्व्हर बिघडलाय, मधलं नेटवर्क विनंत्या गाळतंय, असं असेल तर तुमच्याच बाजूने कौल. तिथे ०.१ ऐवजी ०.३ किंवा ०.४ ठेवा, काही बिघडत नाही.

पण चुका भारामुळेच होत असतील तर? धाग्यातल्या आकड्यांवरच बघू. समजा पार्टनर सेकंदाला ६० विनंत्या उरकू शकतो. तुमचा भार ५०, म्हणजे एरवी ऐसपैस. आता त्यांचा डेटाबेस २० सेकंद अडकला. तेवढ्यात तुमच्याकडून सेकंदाला २०० जायला लागल्या आणि त्यांच्या दारात रांग लागली. डेटाबेस सुटला. ते पुन्हा ६० उरकू लागले, पण येताहेत २००. रांगेत १२० च्या वर विनंत्या असल्या की नव्या विनंतीची पाळी २ सेकंदांनंतर येते, आणि तोवर तुम्ही टाइमआउट करून कनेक्शन सोडलेलं असतं. ते बिचारे जे काम करतात त्याचं उत्तर घ्यायला कुणी नसतं. तुमच्या दृष्टीने सगळ्या विनंत्या फसल्या, म्हणून सगळ्या रिट्राय होतात, म्हणून २०० तसेच राहतात. मूळ बिघाड संपला तरी यातून आपोआप सुटका नाही. मग कुणीतरी हाताने ट्रॅफिक बंद करतं.

बजेट असेल तर भार ५० वर उतरतो. रांगेत समजा ६०० विनंत्या साचल्या असतील, तर ती सेकंदाला १० ने ओसरते. १२० च्या खाली यायला ४८ सेकंद. तेवढा वेळ वापरकर्त्यांना चुका दिसतात, मग गाडी रुळावर.

---

सरळसोट

रांग लावून ठेवणारा पार्टनर असेल तर मान्य. पण शहाणा पार्टनर क्षमतेपलीकडच्या विनंत्या दारातच `429` देऊन परतवतो, त्याला त्याचे कष्ट जवळजवळ शून्य. मग तेच ६० आणि २०० घ्या: सुरुवातीला ३० टक्के यशस्वी होतात, तेवढे रिट्राय कमी होतात, भार १३० च्या आसपास येतो, मग १०० च्या, असं करत पुन्हा ५० च्या जवळ. काहीही न करता सावरतं. म्हणजे हा दोष पार्टनरच्या रांगेचा आहे, आपल्या बॅकऑफचा नाही.

---

कातळकडा

हे अगदी बरोबर सांगितलंत, नकार स्वस्त असेल तर सावरतं. फक्त पार्टनरच्या दारात काय आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. धाग्यात `503` सोबत टाइमआउटही आहेत, म्हणजे निदान काही विनंत्या रांगेत पडून राहत असाव्यात. दोष त्यांचा असला तरी बंद आपलीच सेवा पडते.

---

रात्रपाळी_बॅच

आमच्याकडे उलट अनुभव आहे. रात्रीचा जॉब, ८ वर्कर रांगेतून एकेक नोंद उचलून पार्टनरला पाठवतात. बॅकऑफ लावल्यावर पार्टनरवरचा भार खरोखर खाली येतो, बजेटची गरजच पडलेली नाही. मग बॅकऑफचा उपयोग नाही असं कसं म्हणता?

---

कातळकडा

@रात्रपाळी_बॅच, तुमचा वर्कर झोपला की तो नवी नोंद उचलत नाही. एका वेळी जास्तीत जास्त ८ विनंत्या बाहेर असतात, म्हणजे मर्यादा आधीपासूनच आहे. आठही जण २०-२० सेकंद थांबले तर पार्टनरकडे सेकंदाला अर्धीही विनंती जात नाही. धागाकर्त्याकडे मात्र एक विनंती झोपली तरी दुसरा वापरकर्ता नवी घेऊन उभा असतो. हाच कोड दोन ठिकाणी वेगळा वागतो तो यामुळे.

@अर्धवर्तुळ, तुमच्यातलं जे काम वापरकर्त्याला तत्काळ नको आहे ते रांगेत टाकून मोजक्या वर्करकडे दिलंत तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

---

तिरपागडं

दोन-तीन किरकोळ पण चावणाऱ्या गोष्टी.

वरच्या कोडमध्ये ०.१ दशांशात साठवू नका. पायथनमध्ये शून्यापासून ०.१ दहा वेळा मिळवलं की 0.9999999999999999 येतं, म्हणजे `tokens < 1` खरंच राहतं आणि हक्काचा रिट्राय नाकारला जातो. पूर्णांक वापरा: यशाला १ जमा, रिट्रायला १० खर्च, कमाल १००. शिवाय अनेक थ्रेड असतील तर `allow` आणि `success` भोवती लॉक हवं.

`Retry-After` आला तर तो किमान थांबा धरायचा आणि जिटर त्याच्या वर मिळवायचा. सगळ्यांना ३० सांगितलं आणि सगळे बरोबर तिसाव्या सेकंदाला उठले तर पुन्हा तीच झुंबड. त्या हेडरमध्ये सेकंदांऐवजी तारीख-वेळही येऊ शकते. `int()` लावून मोकळे होणारे तिथे आपटतात.

आणि तुमची एचटीटीपी लायब्ररी किंवा एसडीके आतल्या आत रिट्राय करते का बघा. तिचे ३ प्रयत्न आणि तुमचे ४ म्हणजे १२. एकाच थरात ठेवा, बाकीचे बंद.

---

अर्धवर्तुळ

लायब्ररीत रिट्राय बंदच आहेत, तपासलं. पण आमचे २० पॉड आहेत. बजेट प्रत्येक पॉडमध्ये वेगळं, की रेडिसमध्ये एकच सामायिक?

---

सरळसोट

सामायिकच. नाहीतर २० पॉड गुणिले १० टोकनं, म्हणजे पहिल्या दणक्यात २०० जादा रिट्राय.

---

कातळकडा

मी पॉडमध्येच ठेवेन. प्रत्येक पॉडला सेकंदाला अडीच विनंत्या मिळतात, तर शिल्लकेची कमाल १० वरून २ वर आणा. एकूण ४० रिट्राय, तेही जिटरमुळे पसरून. सामायिक मोजणी केली की प्रत्येक रिट्रायआधी रेडिसला विचारावं लागतं, आणि ते नसेल तेव्हा काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो. जीआरपीसीमधली `retryThrottling` सुद्धा क्लायंटपुरतीच असते: शिल्लक टोकनं `maxTokens` च्या निम्म्यावर किंवा त्याखाली आली की रिट्राय थांबतात.

---

सरळसोट

कमाल २ ठेवली की पॉडवर लागोपाठ तीन विनंत्या योगायोगाने फसल्या तरी तिसरीला रिट्राय नाही. इतक्या थोड्या भाराच्या पॉडला टक्केवारीचं बजेट झेपत नाही, हे माझं मत कायम आहे.

---

तिरपागडं

दोघांचं ऐकून झाल्यावर निदान मोजायला सुरुवात करा. पार्टनरकडे गेलेले एकूण प्रयत्न भागिले मूळ विनंत्या, दर मिनिटाला, सगळ्या पॉडचं मिळून. एरवी ते १.०१-१.०२ च्या घरात असावं. १.२ ओलांडलं तर इशारा लावा. बजेट पॉडमध्ये ठेवा की बाहेर, बिघाडात हा आकडा ४ कडे गेला तर मर्यादा लागू झालेली नाही. नाकारलेले रिट्राय वेगळे मोजा, म्हणजे @सरळसोट म्हणतात तसे विनाकारण किती नाकारले जाताहेत तेही कळेल.

आणि हो, टाइमआउट झालेली `POST` रिट्राय करणार असाल तर पार्टनर `Idempotency-Key` किंवा तसलं काही मानतो का ते आधी विचारून घ्या. किल्ली चारही प्रयत्नांना तीच राहिली पाहिजे, लूपच्या आत तयार करू नका. मानत नसेल तर `POST` ला टाइमआउटनंतर रिट्राय नको.