विषय: भारतातील लसीकरण कार्डाचे शाळेच्या फॉर्मसाठी भाषांतर

प्रेषक: मानसी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आम्ही गेल्या महिन्यात महाराष्ट्रातून अमेरिकेत आलो असून मुलाचा शाळाप्रवेश लसीकरणाच्या फॉर्मपाशी अडला आहे. त्याचे माता व बाल संरक्षण कार्ड भारतातच राहिले होते. सासूबाईंनी त्याचे फोटो काढून पाठवले आणि त्यावरून मी इंग्रजी भाषांतराचा मसुदा केला आहे. मुलाचा जन्म १० जानेवारी २०१९ चा आहे. पेंटाव्हॅलेंटच्या रकान्यांत ०७/०३, ०४/०४ आणि तिसऱ्यात ०१/०५ किंवा ०९/०५ अशा २०१९ च्या तारखा दिसतात. तिसऱ्या तारखेतील पहिला आकडा १ आहे की ९, हे हस्ताक्षरामुळे कळत नाही. गोवर-रुबेला लसीच्या १७/१०/२०१९ आणि ११/०६/२०२० या दोन तारखा मी फॉर्ममधील एमएमआरच्या दोन चौकटींत लिहिल्या. पेंटाव्हॅलेंटमध्ये पोलिओची लसही असते असे वाचल्यामुळे त्या तीन तारखा पोलिओच्या ओळीतही भरल्या. शेवटच्या ओळीचे शीर्षक फोटोत अर्धे कापले गेले आहे. केवळ ‘अ’ दिसतो, म्हणून ती हिपॅटायटिस अ ची लस धरली. हा मसुदा शाळेला देण्यापूर्वी कोणी जाणकार नजरेखालून घालील का?

आपली,
मानसी

*

प्रेषक: विनायक

मानसीताई, नमस्कार.

आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी हे सर्व करावे लागले होते, म्हणून अनुभवाने लिहितो. येथे आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे भाषांतर करताना सर्व तारखा उलटवून घ्या, नाहीतर ७ मार्च ही ३ जुलै म्हणून नोंदली जाईल. गोवर-रुबेला म्हणजे एमएमआरच. भारतात नाव वेगळे आहे इतकेच. भाषांतर पूर्ण झाल्यावर ते नोटरीकडून प्रमाणित करून घ्या, कारण नोटरीच्या शिक्क्यामुळे भाषांतर बरोबर असल्याची हमी शाळेला मिळते.

विनायक

*

प्रेषक: हेमंत

नमस्कार मंडळी,

कार्ड हरवले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आमच्या मुलीचे कार्ड स्थलांतरात हरवले होते. भारतातील खासगी बालरोगतज्ज्ञांना ईमेल केल्यावर त्यांनी आपल्या नोंदवहीवरून सर्व लसींची इंग्रजी यादी छापील पत्रावर सहीशिक्क्यासह पाठवली, आणि शाळेने ती त्याच दिवशी स्वीकारली. तिच्या यादीत एमएमआर असेच लिहिलेले होते. मानसीताईंनीही आपल्या डॉक्टरांकडून दुसरी प्रत मागवावी.

हेमंत

*

प्रेषक: सुलभा

मानसी, विनायक आणि हेमंत यांना नमस्कार.

मी निवृत्त होईपर्यंत शाळेच्या आरोग्य विभागात परिचारिका होते आणि परदेशातून आलेली अशी कार्डे वाचणे हे माझ्या कामातील रोजचे असायचे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मानसी, तुम्ही दोन वेगळी कामे एकत्र केली आहेत, आणि मसुद्यातील बहुतेक चुका त्यातून आल्या आहेत. कार्डाचे भाषांतर हे एक काम आणि फॉर्म भरणे हे दुसरे. भाषांतरात कार्डावर जे आहे तेच, त्याच क्रमाने यावे. ‘गोवर-रुबेला’ असेल तर तेथे मीझल्स-रुबेला एवढेच लिहावे. त्यात गालगुंडाची लस नाही. एमएमआरमधील मधला एम गालगुंडाचा आहे, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमातील एमआरमध्ये तो नसतो. विनायक, येथे केवळ नावाचा फरक नाही. हेमंत यांच्या मुलीच्या यादीत एमएमआर होते, कारण खासगी दवाखान्यात ती लस दिली जाते. तेथे तो शब्द खरा होता, येथे तो खरा नाही.

शिवाय येथे गोवराची मात्रा पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेली असावी लागते, आणि त्याआधीच्या चार दिवसांपर्यंतची सवलत मिळते. तुमच्या मुलाला पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, १७ ऑक्टोबर २०१९ ला, दिली आहे. भारतातील वेळापत्रकानुसार ती अगदी योग्य वेळी दिलेली आहे, कारण तेथे तान्ह्या बाळांना गोवराचा धोका लवकर असतो. येथील मोजणीत मात्र ती धरली जात नाही. ११ जून २०२० ची मात्रा गोवर आणि रुबेलासाठी धरली जाईल. दोन्ही तारखा एमएमआरच्या चौकटींत लिहिल्या असत्या, तर मुलाला गालगुंडाची एकही लस मिळालेली नसताना कागदावर दोन दिसल्या असत्या. फॉर्म बघणाऱ्या परिचारिकेला संशयही आला नसता, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

आता पेंटाव्हॅलेंट. भारतातील सरकारी पेंटाव्हॅलेंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या पाच गोष्टी असतात. अमेरिकेत पेंटासेल नावाची लस आहे. तिच्यातही पाच गोष्टी असतात, परंतु हिपॅटायटिस बीच्या जागी पोलिओ असतो. तुम्ही वाचलेली माहिती बहुधा त्या लसीची असावी. म्हणून भाषांतरात ‘पेंटा’ असे तोडून लिहू नका. ‘पेंटाव्हॅलेंट’ हा पूर्ण शब्द लिहा आणि पानाच्या तळाशी, भाषांतरकाराची टीप असे स्पष्ट म्हणून, त्या पाच घटकांची नावे द्या. फॉर्मवर या तीन तारखा डीटीपी, हिपॅटायटिस बी आणि हिब अशा तीन ओळींत येतील, पोलिओत येणार नाहीत.

पोलिओसाठी थेंबांच्या तारखा वेगळ्या असतील. एप्रिल २०१६ पासूनचे थेंब येथे सहसा मोजले जात नाहीत, कारण त्या सुमारास जगभर तीन प्रकारच्या विषाणूंऐवजी दोनच प्रकारांविरुद्धचे थेंब सुरू झाले. तरीही ते भाषांतरात जसेच्या तसे असू द्या. काय मोजायचे ते शाळेने किंवा डॉक्टरांनी ठरवावे. इंजेक्शनच्या ओळीत ‘एफ-आयपीव्ही’ असेल तर तो ‘एफ’ गाळू नका. ती त्वचेत दिलेली ०.१ मिलिलिटरची छोटी मात्रा आहे, आणि पूर्ण मात्रा ०.५ मिलिलिटरची असते.

तारखांविषयी विनायक यांची भीती खरी आहे, मात्र त्यांचा उपाय मला धोक्याचा वाटतो. आकडे उलटवले की कोणत्या कागदावर कोणता क्रम आहे हे पुढच्या माणसाला कळत नाही. महिना अक्षरांत लिहावा: ७ मार्च २०१९. मूळ क्रम कसा आहे याचा पुरावा कार्डातच आहे. १७/१०/२०१९ मध्ये सतरावा महिना असू शकत नाही, म्हणजे आधी दिवस लिहिला आहे. पेंटाव्हॅलेंटची पहिली तारीख ३ जुलै वाचली, तर ती ४ एप्रिलच्या दुसऱ्या मात्रेनंतर येते, आणि असे होणे शक्य नाही.

तुमच्या १ की ९ च्या प्रश्नावर मी कॅलेंडर काढून बसले. ७ मार्च, ४ एप्रिल, १७ ऑक्टोबर आणि पुढच्या वर्षीचा ११ जून हे सर्व गुरुवार आहेत. उपकेंद्रात लसीकरणाचा वार ठरलेला असतो. ९ मे २०१९ हाही गुरुवार होता. १ मे बुधवार होता, त्यात महाराष्ट्र दिनाची सुट्टी. शिवाय ४ एप्रिलपासून १ मेपर्यंत सत्तावीसच दिवस होतात, आणि दोन मात्रांमध्ये किमान अठ्ठावीस दिवस हवेत. तेव्हा ९ मे असण्याचीच शक्यता जास्त आहे. परंतु हा तर्क भाषांतरात लिहिण्याजोगा पुरावा नव्हे. सासूबाईंकडून त्या चौकटीचा जवळून फोटो मागवा, आणि तरीही वाचता आले नाही तर भाषांतरात ‘अस्पष्ट’ असेच लिहा.

नव्याने फोटो काढताना कार्डाचे प्रत्येक पान पूर्ण चौकटीत यावे, प्लॅस्टिकवर दिव्याची चमक पडू नये म्हणून ते खिडकीपाशी सपाट ठेवावे, आणि मुलाचे नाव व नोंदणी क्रमांक असलेले पानही सोबत असावे. व्हॉट्सअॅपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, म्हणजे अक्षरे फुटत नाहीत. कापलेल्या ओळीबाबत मला वाटते की ती जीवनसत्त्व अ ची ओळ असावी. भारतात ते नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ वेळा देतात. त्या ओळीत दोनाहून जास्त चौकटी असतील, तर ती हिपॅटायटिस अ ची असू शकत नाही.

नोटरीविषयी एवढेच सांगते की नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो, भाषांतराच्या अचूकतेची हमी देत नाही. दोन्ही भाषा येत असल्याचे आणि भाषांतर पूर्ण असल्याचे सही-तारखेसह निवेदन भाषांतरकाराने जोडावे. ते आईने स्वतः केलेले चालेल का, हे मात्र शाळेलाच विचारा.

सुलभा

*

प्रेषक: विनायक

सुलभाताई, नोटरीबाबत माझी समजूत चुकीची होती हे मान्य करतो. आमच्या शाळेने शिक्का मागितला होता, म्हणून मी तसा अर्थ लावला. एमआरबाबत मात्र एक शंका उरते. आमच्या धाकट्याच्या कार्डावरही गोवर-रुबेलाच होते आणि शाळेने काहीही विचारले नाही.

*

प्रेषक: सुलभा

विनायक, फॉर्मवर एमएमआर लिहिलेले असेल तर शाळा विचारणार नाही. आपल्या मुलाला गालगुंडाची लस पुढे कधी मिळाली का, हे डॉक्टरांकडील नोंदीत एकदा पाहून घ्या. मिळाली नसेल तर ती आताही देता येते.

*

प्रेषक: मानसी

सुलभाताई, आपले मनापासून आभार.

सासूबाईंनी सर्व पानांचे फोटो पुन्हा पाठवले. तिसरी तारीख ०९/०५ च आहे. नऊचा गोल शाईत बुजला होता. ‘अ’ ची ओळ जीवनसत्त्व अ ची निघाली आणि तिला नऊ चौकटी आहेत, त्यामुळे हिपॅटायटिसची नोंद मी काढून टाकली. आणखी एक चूक हाती लागली. डीपीटीच्या दुसऱ्या बूस्टरपुढे दोन तारखा होत्या आणि मी वरची घेतली होती. नव्या फोटोत वरची तारीख पेन्सिलने लिहिलेली दिसते. तेव्हा बूस्टरसाठी बोलावले होते. प्रत्यक्ष दिल्याची तारीख खाली शाईत १८/०१/२०२४ अशी आहे. चौथ्या वाढदिवसानंतरची असल्याने ती येथे धरली जाईल, असे शाळेच्या परिचारिकेने सांगितले.

आई म्हणून मी केलेले भाषांतर शाळेने स्वीकारले नाही, म्हणून मंडळातील एका सभासदांनी माझा मसुदा मूळ फोटोंशी ताडून आपल्या सहीने दिला. एमएमआरच्या चौकटी कोऱ्या ठेवून गोवर आणि रुबेलाच्या स्वतंत्र ओळींत ११ जून २०२० लिहिले. मुलाला एमएमआरची पहिली मात्रा काल दिली आणि दुसरी अठ्ठावीस दिवसांनी आहे. तोपर्यंत शाळेने सशर्त प्रवेश दिला आहे.

एफ-आयपीव्हीच्या दोन मात्रांबाबत एकवाक्यता नाही. शाळेच्या परिचारिकेने त्या पोलिओच्या ओळीत धरल्या, तर बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे की त्या न धरता पूर्ण मात्रा नव्याने सुरू कराव्यात. पुढच्या मंगळवारी त्यांची भेट ठरली आहे. कोणाच्या मुलाच्या कार्डावर अशी नोंद असल्यास आपल्या डॉक्टरांनी काय केले, हे कृपया कळवावे.

मानसी