मदत हवी आहे : दुरुस्तीआधी त्रुटी जाहीर करणे योग्य का?

नमस्कार. मी इंदूरला शिकतो. नीतिशास्त्राच्या चिंतनपर निबंधासाठी मी 2015 चे एक प्रकरण निवडले आहे. विंडोज 8.1 मधली सुरक्षेची एक त्रुटी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने मायक्रोसॉफ्टला ऑक्टोबर 2014 मध्ये कळवली आणि 90 दिवसांची मुदत संपताच, 11 जानेवारीला, तिचा गैरफायदा कसा घेता येतो हे दाखवणाऱ्या नमुना कोडसह ती उघड केली. दुरुस्ती 13 जानेवारीला येणार होती आणि तोवर थांबण्याची विनंतीही झाली होती. पुढच्याच महिन्यात गूगलने अशा प्रसंगी 14 दिवसांची सवलत देण्याचा नियम केला.

मुदत ताणता येते असे दिसले की कंपन्या ढिल्या पडतात, हे मला पटते. पण दोन दिवसांसाठी हट्ट धरणे मला उचित वाटत नाही. मात्र राजवाड्याजवळच्या आमच्या दुकानात बिलांच्या संगणकावर 8.1 च होते आणि अपडेटची सूचना बाबा दर वेळी ‘नंतर’ म्हणून बंद करत. म्हणजे दुरुस्ती आल्यावरही आम्ही उघडेच होतो.

तर सांगावे : नुसती माहिती देणे आणि चालता कोड देणे यांचे नैतिक मूल्यमापन वेगवेगळे करावे का?