किलोमीटरवर गाडीचा विमा: पैसे नक्की कोणाचे वाचतात?

म्हापसेकर: "माझी गाडी आठ वर्षांची, ११९७ सीसी. वर्षाला चार हजार किलोमीटर जेमतेम होतात. किलोमीटरवाला विमा घेतला तर हप्ता निम्मा होईल का?"

फोंडेकर: होणारच! गाडी कमी रस्त्यावर म्हणजे अपघात कमी. दारात उभ्या गाडीचे पूर्ण पैसे आपण का भरायचे? डोळे झाकून घ्या.

विमावाले काका (मडगाव): निम्मा होणार नाही. सूट फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवते, तुमच्या गाडीला तो ३,४१६ रुपये, गाडी चालो वा न चालो. परवाच अशाच एका गाडीचा हिशेब काढला. आधी दावे न केल्याबद्दलचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस वजा जाऊन ओन डॅमेज उरले २,३००. वर्षाला पाच हजार किलोमीटरची मर्यादा घेतली म्हणून कंपनीने वीस टक्के सूट दिली, म्हणजे ४६०. जीएसटी धरून ५४३ रुपये वाचले, आणि एकूण हप्ता होता ६,७४५.

पेडण्याची वैशाली: माझा भाऊ बोटीवर असतो. वर्षातले आठ महिने गाडी ताडपत्रीखाली. गाडी दुसऱ्या वर्षात आहे, त्याचे २,५९६ वाचले. मग तुमचा हिशेब कसा बसतो?

विमावाले काका: बसतो, ताई. नव्या गाडीची थर्ड पार्टी पहिल्याच दिवशी तीन वर्षांची भरावी लागते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण होते ते फक्त ओन डॅमेजचे, म्हणून सूट अख्ख्या रकमेवर लागते. त्यातून गाडीची किंमतही अजून फारशी उतरलेली नसते. खरा फायदा अशा गाडीला. जुन्या गाडीला बोनसनेच आधी स्वस्त केलेले असते.

डिचोलीचा बाबू: मी रोज वेर्ण्याला कामाला जातो, वर्षाला अठरा हजार किलोमीटर. कमी चालवणाऱ्यांना सूट देऊन उद्या आमचा हप्ता वाढवणार, हे मला पटत नाही.

फोंडेकर: जास्त रस्ता वापरता तर जास्त भरा की!

विमावाले काका: बाबू, तुम्ही साधी पॉलिसीच ठेवा. म्हापसेकर, तुम्ही मात्र एक बघा. पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या की अठराशे किलोमीटर गेले. पाच हजार ओलांडले आणि आधी जादा किलोमीटरचा टॉप-अप घेतला नाही, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. ठोकल्यावर घेतलेला टॉप-अप त्या दाव्याला चालत नाही. समोरच्याची थर्ड पार्टी भरपाई मात्र चालू राहते. पॉलिसी घेताना ओडोमीटरचा फोटो मागतात, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

पेडण्याची वैशाली: आणि उभ्या गाडीवर माड पडला तर? गेल्या पावसात शेजाऱ्यांच्या बोनेटवर नारळांचा अख्खा घड पडला, काचही गेली.

विमावाले काका: किलोमीटर शिल्लक असतील तर दावा मिळतो. संपल्यावर पडला, तर काही कंपन्या उभ्या गाडीला संरक्षण देतात, काही नाही. ते कलम आधी वाचा.

म्हापसेकर: ५४३ साठी वर्षभर काट्याकडे बघत बसायचे? मी साधीच घेतो.

फोंडेकर: मी तरी घेणारच. पाचशे रुपये काय रस्त्यावर पडलेत?