‘घरचा भाव’ खोडला

अनुजा: एका गिरणीच्या हिशेबनियमांचं मराठी करतेय. गिरणी सूत काढते. तिचाच विक्री विभाग ते इचलकरंजीत मजुरीवर विणून घेऊन कापड विकतो. गिरणीने ते सूत त्या विभागाला ज्या भावाने द्यायचं, त्या ‘ट्रान्स्फर प्राइस’ला मी ‘घरचा भाव’ लिहिलं, तपासनिसांनी ‘हस्तांतरण मूल्य’ केलं. का?

शब्दवेल्हाळ: ‘मूल्य’ही चूकच. मूल्य श्रमाला, सत्याला; सुताला किंमत. ‘हस्तांतरण किंमत’ लिहा.

नानासाहेब: हस्तांतरण म्हटलं की मुद्रांक शुल्क आलंच. ते कोणी भरायचं?

जुना मागवाला: नाना, जमिनीचं नाही हो चाललंय! अनुजाताई, तुमचाच शब्द बरोबर. घरात कसला नफा? खर्च येईल तेवढ्यालाच द्यायचं.

लेखाजोखा: म्हणूनच तो शब्द खोडला असणार. समजा, किलोला खर्च २२० आणि बाजारात सूत २४०ला हातोहात जातं. कापडाच्या एका ऑर्डरीत मजुरी-घट वजा जाता सुतामागे २३० सुटतात. घरच्या २२० भावाने विक्री विभागाला दहा रुपये नफा दिसतो, तो ऑर्डर घेतो. पण तेच सूत बाहेर गेलं असतं तर २४० आले असते, म्हणजे कंपनीचे दहा बुडाले. २४० लावा, तो आपणहून नाही म्हणेल. अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफरने १९५६ मध्ये हेच मांडलं: बाजार खुला असेल तर बाजारभावच लावा. उरलेलं सूत गिरणी बाहेर विकेल, कमी पडलं तर विक्री विभाग बाहेरून घेईल.

जुना मागवाला: पण घरात दलाली नाही, गाडीभाडं नाही. तेवढं तरी कापाल की नाही?

लेखाजोखा: कापायचंच. बाहेर विकून हातात २३६ पडत असतील आणि गिरणीकडे सूत उरत असेल, तर घरात २३६. नाहीतर २३८ सुटणारी चांगली ऑर्डर २४०च्या हट्टापायी जाईल. उलट, सूत कमी पडून बाहेरून भाड्यासकट २४३ला घ्यावं लागत असेल, तर २४३ धरा.

जुना मागवाला: आणि सूत गोदामात पडूनच असेल तर?

लेखाजोखा: चालू भावाला गिऱ्हाईकच नाही, म्हणजे तो भाव कागदावरचा. मग तुमचं म्हणणं बरंचसं खरं. फक्त खर्चात नव्या सुताला लागणारा कापूस, वीज एवढंच धरा. इमारतीचा घसारा नको.

गोदाकाठची: आमच्या साखर कारखान्यात मळी आसवनीला द्यायचा भाव दोन्ही खातेप्रमुख दरवर्षी भांडून ठरवतात. बाजारभाव रोज समोर असतो, पण बोनस खात्याच्या नफ्यावर!

अनुजा: मग ‘अंतर्गत दर’ चालेल?

शब्दवेल्हाळ: दर आणि भाव यांतही फरक आहे. दर मजुरीला, भाव मालाला.

जुना मागवाला: कापडाचा दर कोणी विचारतच नाही वाटतं तुमच्याकडे?