आठ लाख: बेदाण्याची शेड की हळदीचा बॉयलर?

वायफळेचा_बाळू:
घरात ८ लाख आहेत. तासगावजवळ बेदाणा शेड उभारून भाड्यानं द्यायची (८ लाख), का हळद शिजवायचा बॉयलर पॉलिशच्या ड्रमसकट घ्यायचा (४ लाख)? शेडचा घसारा-डागडुजी वर्षाला १ लाख २० हजार, किलोमागं ८ रुपये सुटतात, म्हणजे १५ टनांत खर्च निघतो. माल ३० टन धरलाय. बॉयलरचा खर्च ७० हजार, क्विंटलमागं १०० सुटतात, ७०० क्विंटलला खर्च निघतो, १४०० मिळतील. दोन्हीकडं निम्म्यावर बरोबरी, पण शेडचा नफा १ लाख २० हजार आणि बॉयलरचा ७० हजार. म्हणजे शेडच ना? बँकेचं १२ टक्क्यांचं कर्ज आहे ८ लाखांचं, ते चालूच राहील.

द्राक्षवाला_सदा:
शेडच. बेदाण्याला दर आला तर एका हंगामात पैसे फिटतील. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, तेव्हा द्राक्षाचा दर पडला की बागायतदार मार्केटला द्राक्ष न देता शेडकडं वळतो.

वायफळेचा_बाळू:
सदाभाऊ, बेदाणा माझा नाही. मला किलोमागं भाडं मिळणार, दराचं काय घेऊन बसलाय.

वहीखाते_ताई:
बाळू, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण खरा प्रश्न तिथंच आहे. हे ८ लाख घरात नुसते पडलेले नाहीत, कर्जात भरले तर वर्षाला ९६ हजार व्याज वाचतं. शेड बांधली की ते वाचणं सोडून द्यावं लागतं. ही रक्कम पावतीवर कुठं दिसत नाही, म्हणून हिशेबातून निसटते. शेडची १० गुंठे जमीनही अशीच. तिथं आज ऊस असेल तर त्यातून काय सुटतं?

वायफळेचा_बाळू:
खर्च वजा जाता वर्षाला १५ हजार धरा. पण शेडसाठी सपाटीकरणावर ४० हजार आधीच घातलेत, ते वाया जातील की.

वहीखाते_ताई:
ते गेले. शेड केली तरी परत येत नाहीत, बॉयलर घेतला तरी येत नाहीत, तेव्हा त्यांच्यावरून निवड करू नका.
आता शेडच्या खर्चात ९६ आणि १५ मिळवा: २ लाख ३१ हजार. भागिले ८ केले की जवळजवळ २९ टन. म्हणजे १५ नव्हे, २९ टनांनंतर शेड कर्जफेडीपेक्षा बरी ठरते, आणि तुमचा अंदाज ३० चा आहे. एक टनाची जागा उरली. अवकाळी पावसानं एखादी बॅच काळी पडली की गेली.
बॉयलरला ४ लाखच लागतात, उरलेले ४ लाख कर्जात जातात. त्याच्यावर ४८ हजारच चढतात: १ लाख १८ हजार, म्हणजे ११८० क्विंटल. अंदाज १४००. निदान २२० क्विंटलचा श्वास आहे.

पलूसचा_इंजिनीअर:
ताई, पूर्ण ८ लाखांवर दरवर्षी व्याज लावणं अन्याय आहे. घसाऱ्याचे पैसे दरवर्षी मोकळे होतात, ते कर्जात गेले तर सरासरीनं निम्मी रक्कमच अडकलेली असते. तसं धरलं तर शेड २३ टनांवर आणि बॉयलर ९४० क्विंटलवर येतो. अंदाज चुकला तर सावरायला जागा अजूनही बॉयलरलाच जास्त, पण शेड एवढी मरणपंथाला नाही.

वहीखाते_ताई:
मान्य. पण घसाऱ्याचे पैसे दर मार्चला खरंच कर्जात जाणार असतील तर. घरात तोवर एखादं लग्न निघतं.

कवठ्याची_सुनंदा:
आमच्या मामंजींनी असाच हिशेब करून मळणीयंत्र घेतलं होतं. गिऱ्हाईक भरपूर होतं, पण उधारी दिवाळीपर्यंत वसूल होईना. कागदावर नफा होता, हप्ता मात्र दागिने ठेवून भरला. हळद शिजवून घेणारा पैसे कधी देतो तेही विचारा बाळूदादा. नाहीतर आधी कर्जच फेडा, झोप तरी लागेल.

द्राक्षवाला_सदा:
मग जगात कुणी शेड बांधायचीच नाही का? तासगावात एवढ्या उभ्या हायत त्या काय हौसेनं?

वहीखाते_ताई:
ज्यांच्यावर कर्ज नाही आणि जमीन मुरमाड, पडीक आहे, त्यांचं गणित निराळं. त्यांना १५ टनांच्या थोडं पुढं गेलं तरी पुरतं. बाळू, एवढंच सांगा, ३० टन हा आकडा आणला कुठून?

वायफळेचा_बाळू:
शेजारच्या तेवढ्याच शेडवाल्यानं सांगितलं. परवा त्याच्या वहीत बघितलं तर गेल्या हंगामात २६ आले होते. १४०० क्विंटलचं म्हणाल तर वाळवा-मिरजेकडच्या ओळखीतल्यांनी तोंडी कबूल केलंय. आता त्यांच्याकडून आधी किती हळद लावलीय ते विचारून येतो.