शिफारसपत्रात नियोजन आणि टीमवर्क

"माझ्या विद्यार्थिनीच्या फायनल इयर प्रोजेक्टचं नियोजन आणि टीमवर्क खरंच चांगलं होतं. शिफारसपत्रात ते कसं लिहू?"

सर, एकच प्रसंग निवडा आणि तो नीट सांगा.

मी जालना जिल्ह्यात शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या चौघांच्या गटाने मोसंबीच्या बागेसाठी ओलावा मोजून ठिबक चालू-बंद करणारी यंत्रणा केली. पहिल्या मसुद्यात मी "उत्तम नियोजनकौशल्य" लिहिलं होतं. ते खोडलं आणि घडलं ते लिहिलं: तिने वेळापत्रकात शेतातल्या चाचणीनंतर दोन आठवडे मोकळे ठेवले होते. ओल्या मातीत सेन्सरच्या धातूच्या पट्ट्या गंजल्या, आकडे भरकटू लागले. त्या दोन आठवड्यांत गटाने धातू मातीला थेट न लागणारे कपॅसिटिव्ह सेन्सर बसवून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, सादरीकरणाची तारीख हलली नाही. एवढ्यात नियोजन दिसतं.

टीमवर्क लिहिताना खरी अडचण येते, कारण "गटाने केलं" म्हटलं की तिचा वाटा कळत नाही. आमच्याकडे कापूसवेचणीच्या दिवसांत गटातला एक मुलगा घरी अडकला. तिने त्याचा वाटा स्वतःकडे ओढला नाही. त्याला संध्याकाळी फोनवर करता येईल असं वायरिंगच्या आकृत्यांचं काम दिलं, आणि अहवालात त्याचं नाव त्या कामापुढे घातलं. हे मी पत्रात जसंच्या तसं लिहिलं.

तुम्ही स्वतः पाहिलं नसेल ते मात्र घालू नका. मी गटाची साप्ताहिक प्रोजेक्ट डायरी समोर ठेवूनच लिहितो.